मामा, लायसन्सचे पैसे भरू नका, आधी हे वाचा

मामा, मगाशी फोनवर गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. चष्मा लावून निवांत वाचा. तुमचं लायसन्स सस्पेंड झालंय, 499 रुपये भरा, असा जो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तुम्हाला आलाय, तो खोटा आहे. मामींनाही हे दाखवा, कारण असा मेसेज उद्या त्यांनाही येईल.

पहिली गोष्ट, तुमचं लायसन्स सस्पेंड झालेलं नाही. गेल्या वर्षी गणपतीपुळ्याच्या बुकिंगसाठी तुम्ही कार्डाचा फोटो पाठवला होता, त्यावरून मी आत्ताच सरकारी साइटवर बघितलं. तिथे स्टेटस ACTIVE दिसतंय आणि मुदत 17 ऑगस्ट 2026 पर्यंत आहे. तेव्हा ते 499 रुपये खिशातच राहू द्या.

आता तो मेसेज परत उघडून बघा (फक्त बघा, कुठेही बोट लावू नका). सुरुवातच "प्रिय ग्राहक" अशी आहे. आरटीओला ग्राहक कधीपासून लागले? कुठेही तुमचं नाव नाही, लायसन्सचा नंबर नाही. दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून आलाय. "आज रात्री 9 पर्यंत भरा, नाहीतर कायमचे रद्द" म्हणे. खालच्या लिंकमध्ये parivahan हा शब्द आहे, त्यामुळे तुम्हाला खरं वाटलं, पण शेवट बघा, .online आहे. सरकारी पत्ता .gov.in ने संपतो, आधीच्या टिंबासकट. त्याच्या अलीकडे काहीही लिहिलेलं असो, शेवट काय आहे तेवढं बघायचं. आणि सोबत जी फाइल आलीय, नावाच्या शेवटी .apk असलेली, ती मेसेजपेक्षा वाईट. ती मोबाइलमध्ये टाकली की तुमचे ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात. तुम्ही ती उघडली नाही म्हणालात, उत्तम. डिलीट करा आणि नंबर ब्लॉक करा.

तुम्ही घाबरलात का, तेही मला कळलं. दिवाळीत नळ स्टॉपला सिग्नल लाल झाल्यावर गाडी पुढे गेली होती आणि तेव्हापासून तुमच्या मनात ते आहे. पण चलन वेगळं आणि सस्पेन्शन वेगळं. सिग्नल तोडला, बेफाम गाडी मारली, दारू पिऊन किंवा मोबाइल कानाला लावून चालवली, तर लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं हे खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच तसं सांगितलंय. पण त्याआधी आरटीओची रीतसर नोटीस येते, तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, मग आदेश निघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 मध्येच ते आहे. आणि खरोखर निलंबन झालंच, तर मुदत संपेपर्यंत गाडी घरी लावून ठेवायची असते. व्हॉट्सअ‍ॅपवर 499 रुपये भरून ते उठत नाही. म्हणून "पैसे भरा, सस्पेन्शन काढतो" असं कुणीही म्हटलं, मग तो मेसेज असो की आरटीओच्या गेटवरचा एजंट, तिथेच ओळखायचं.

चलन आहे का ते बघायचं असेल तर mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. आरसी बुक कपाटात आहे ना? रविवारी मिळून बघू. असेल तर भरून टाकू, उगाच डोक्याला ताप नको.

आता लायसन्स स्वतः कसं बघायचं. मी मुद्दाम लिंक पाठवत नाहीये. लिंकवर बोट ठेवायची सवयच मोडायची आहे. क्रोम उघडा आणि वरच्या पट्टीत स्वतः टाइप करा:

parivahan.gov.in

गूगलवर शोधू नका, तिथे वरचे एक-दोन निकाल जाहिरातीचे असू शकतात. साइट उघडली की Informational Services मध्ये जा, तिथे लायसन्सची माहिती बघायचा पर्याय आहे. लायसन्स नंबर, जन्मतारीख आणि चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं टाकायची. तुमचा नंबर MH11 ने सुरू होतो, पुढे चार आकडी वर्ष, मग सात आकडे. कराडचं MH50 नंतर आलं, तुमचं लायसन्स साताऱ्याचं आहे, म्हणून 11. शून्याच्या जागी ओ टाकू नका, मागच्या वेळी तेच झालं होतं! या माहितीला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागितले तर समजा तुम्ही भलत्याच साइटवर आहात.

बापूंच्या जुन्या पुस्तकवाल्या लायसन्सचा नंबर टाकला तर कदाचित काहीच सापडणार नाही. याचा अर्थ ते रद्द झालं असा नाही. जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढलेल्या नसल्या तर असं होतं. त्यासाठी पुस्तक घेऊन आरटीओत जावं लागेल.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र खरी निघाली. तुमचं रिन्यूअल जवळ आलंय. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही आजही करू शकता. पूर्वी मुदत संपल्यावर महिनाभर सवलत असायची, ती 2019 च्या दुरुस्तीत गेली. 18 ऑगस्टला तुम्ही साठ पूर्ण कराल आणि त्याच दिवसापासून जुन्या लायसन्सवर गाडी चालवता येणार नाही. पकडलं तर पाच हजार. आणि वर्षाहून जास्त उशीर झाला तर परत टेस्ट. कराडात त्या वयात आठ काढायला लागलं तर मामी वर्षभर हसतील.

चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म 1A लागतो. गेल्या वर्षी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा नजर तपासूनच घ्या, नुसती सही नको. अर्ज sarathi.parivahan.gov.in वर, राज्य महाराष्ट्र निवडून. फी दोनशे, स्मार्ट कार्डाचे वेगळे दोनशे, वर थोडेफार. शेजारच्यांनी एजंटला अडीच हजार दिले म्हणालात, त्यातले दोन हजार कशाचे ते त्यांनाच विचारा. अर्ज भरला की आधी अर्ज क्रमांक मिळतो, फी त्याच्यानंतर. क्रमांक नसताना कुणी फी मागितली तर द्यायची नाही.

आणि पैसे खात्यातून गेले पण पावती आली नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरायचं नाही. तिथेच Verify Pay Status आहे, त्यात अर्ज क्रमांक टाकून बघायचं. माझ्या वेळी पंधरा मिनिटं पान नुसतं गोल फिरत होतं, मी घाईत परत भरणार होतो. तपासलं तर पहिले पैसे जमा झालेले होते.

शेजारच्यांपैकी कुणी त्या लिंकवर पैसे भरले असतील तर त्यांना आत्ताच 1930 ला फोन करायला सांगा आणि बँकेलाही. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मी रविवारी सकाळच्या एसटीने येतोय. डॉक्टरांकडे शनिवारीच जाऊन या, आधार आणि जुनं कार्ड बाहेर काढून ठेवा. अर्ज आपण मिळून भरू, पण टाइप तुम्ही करायचं.