सायली आणि ओंकारसाठी, त्यांच्या लग्नात

नमस्कार मंडळी. मी निखिल, ओंकारचा मित्र. सायलीची आणि त्याची पहिली भेट झाली तेव्हा मी तिथेच होतो. म्हणजे कानाला हेडफोन लावून आपापल्या घरी, पण होतो.

पबजीमध्ये चौघांचा स्क्वॉड असतो आणि आम्ही तिघेच मित्र होतो. चौथी जागा गेम भरायचा, कुणीतरी अनोळखी देऊन. त्या रात्री जो खेळाडू आला त्याचा माइक बंद होता. शंभरातले वीस-बावीस उरले असताना झोन आवळायला लागला आणि ओंकार झोनच्या बाहेर नॉक झाला. ज्येष्ठ मंडळींसाठी सांगतो: झोन म्हणजे खेळातली सुरक्षित जागा, ती लहान होत जाते आणि तिच्या बाहेर राहिलं की जीव कमी होत जातो. नॉक झालेला माणूस फक्त रांगू शकतो, आणि जोडीदाराने जवळ बसून दहा सेकंद दिले तरच उठतो. झोनच्या बाहेर ते दहा सेकंद फार महाग पडतात. आम्ही दोघे मित्र आत पळालो. खेळाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

तो चौथा खेळाडू मात्र आत पोहोचलेला असूनही मागे फिरला. ओंकारला उठवलं, स्वतःजवळचं एकुलतं एक मेडकिट त्याच्यासमोर टाकलं. मग पहिल्यांदा माइक सुरू झाला आणि एक आवाज आला, "उठलास ना? आता पळ!"

दोघंही वाटेतच गेले. मॅच हरलो. ओंकारने त्याच मिनिटाला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली.

पुढे वर्षभर त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. ओंकारचे बाबा आजारी होते तेव्हाची एक रात्र मला आठवते. मी सहज गेम उघडला तर हे दोघे लॉबीत उभे. स्टार्ट कुणीच दाबत नव्हतं. तो बाबांविषयी बोलत होता, ती ऐकत होती. मी काही न बोलता बाहेर पडलो. माझ्यासाठी यांचं लग्न त्या रात्रीच ठरलं.

गेममध्ये भेटलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, असं घरच्यांनी विचारलं. काळजीपोटीच विचारलं, आणि ते योग्यच होतं. पण काका-काकू, हरताना, चिडताना, रात्री दोनला दमलेला असताना माणूस कसा बोलतो, हे या दोघांनी एकमेकांचा चेहरा पाहण्याआधीच शेकडो वेळा ऐकलं होतं. प्रत्यक्ष भेटले तेव्हा गर्दीत ओंकार तिला शोधत होता. मागून "अरे, इकडे!" ऐकलं आणि वळायच्या आधीच तो हसायला लागला.

सायली, त्या रात्री तू आमच्या मित्रासाठी मागे फिरलीस. इतक्या वर्षांत तुला नीट सांगितलं नव्हतं, आज सगळ्यांसमोर सांगतो: थँक्यू. ओंकार, तू तिला किती जपतोस ते आम्ही रोज बघतो. असाच राहा.

चला, सगळ्यांनी ग्लास उचला. सायली आणि ओंकारसाठी!