आयटी साहित्याची नोंदवही: नारायण पेठ कार्यालय, 28 मार्च 2026 ची मोजणी

मोजणी शनिवारी सकाळी 10 ते दुपारी दीडपर्यंत केली. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, तिच्यावरचं स्टिकर वाचून नोंद केली आहे. "घरी आहे", "बॅगेत असेल" असं कुणी सांगितलं म्हणून बरोबरची खूण केलेली नाही. मागच्या वर्षीची यादी तशी केली होती, आणि त्यातले दोन चार्जर प्रत्यक्षात नव्हतेच.

लॅपटॉप

सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं इथे दिली आहेत. पूर्ण नंबर आणि बिलांच्या प्रती हिरव्या फाइलमध्ये, सरांच्या कपाटात आहेत.

| क्रमांक | मॉडेल | सीरियल | कोणाकडे | वॉरंटी संपण्याची तारीख |
|---|---|---|---|---|
| लॅ-01 | डेल लॅटिट्यूड 3420 | `7KQ2` | सर | 17 मे 2025 (संपली) |
| लॅ-02 | डेल लॅटिट्यूड 3420 | `9MT3` | अनघाताई, लेखा | 17 मे 2026 (एक वर्ष वाढवून घेतलेली) |
| लॅ-03 | एचपी प्रोबुक 440 जी9 | `4XBD` | स्नेहल, जीएसटी | 9 ऑगस्ट 2026 |
| लॅ-04 | एचपी प्रोबुक 440 जी9 | `4XBR` | प्रथमेश, आर्टिकल | 9 ऑगस्ट 2026 |
| लॅ-05 | लेनोवो थिंकपॅड ई14 जेन 4 | `P1HW` | गौरी, आर्टिकल | 21 फेब्रुवारी 2027 |
| लॅ-06 | लेनोवो थिंकपॅड ई14 जेन 4 | `P1JC` | ऑडिटला नेण्यासाठी सामाईक | 21 फेब्रुवारी 2027 |
| लॅ-07 | लेनोवो थिंकपॅड ई470 | `K8VN` | कोणाकडेच नाही, कपाटात | 2018 मध्ये संपली |

वॉरंटीच्या तारखा बिलावरून लिहिलेल्या नाहीत. प्रत्येक मशीनचा नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून जी तारीख दिसली तीच घेतली आहे. याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी एका लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. बिलाप्रमाणे वॉरंटीचे बारा दिवस शिल्लक होते, पण कंपनीच्या नोंदीत ती आधीच संपलेली होती, कारण त्यांनी माल विक्रेत्याकडे पाठवला त्या दिवसापासून मोजलं होतं. बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घेता येते. आम्ही ते घेतल्या घेतल्या केलं नाही आणि दुरुस्तीचा खर्च आमच्या अंगावर आला. म्हणून यापुढे नवीन मशीन आलं की पहिल्या आठवड्यातच संकेतस्थळावरची तारीख तपासायची आणि फरक असेल तर बिल पाठवायचं.

स्टिकर पुसलेलं असेल तर नंबर पॉवरशेलमधून मिळतो. लॅ-02 चं स्टिकर घासून गेलंय, तिचा असाच काढला:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
powercfg /batteryreport
```

दुसरी ओळ बॅटरीसाठी. लॅ-01 च्या अहवालात `DESIGN CAPACITY` 41 हजार mWh च्या आसपास आणि `FULL CHARGE CAPACITY` 22 हजार 600 दिसते. चार वर्षं रोज वापरल्यावर एवढी झीज होणारच, पण सर अपीलाच्या सुनावणीला हेच मशीन घेऊन जातात. तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुधा एकच वर्ष असते, त्यामुळे ही बदलायची तर आपल्या खर्चाने. एप्रिलमध्येच बदलावी असं माझं मत आहे. लॅ-02 ची वॉरंटी सात आठवड्यांत संपतेय. तिच्या कीबोर्डचं `Enter` बटण अडकतं, अनघाताईंनी दोनदा सांगितलंय. मे उजाडायच्या आत तक्रार नोंदवायची.

चार्जर

चार्जरवर चा-01 ते चा-07 असे क्रमांक आहेत आणि ज्या लॅपटॉपचा क्रमांक तोच त्याच्या चार्जरचा. स्टिकर ॲडाप्टरच्या विटेवर, आणि वायरला त्याच रंगाची टेप: डेलला निळी, एचपीला लाल, लेनोवोला पांढरी. टेपची गरज यासाठी की लॅ-01, 02 आणि लॅ-03, 04 यांच्या गोल पिना दिसायला सारख्याच, दोन्ही 4.5 मिमीच्या, आणि एकमेकांच्या मशीनमध्ये बसतातही. पण डेलचा लॅपटॉप आपला ॲडाप्टर ओळखूनच बॅटरी भरतो. फेब्रुवारीत अनघाताईंचं मशीन दोन दिवस चार्ज होत नव्हतं, आणि त्यांच्या टेबलाखाली निघाला स्नेहलचा चार्जर. आज दोन्ही आपापल्या जागी आहेत.

चा-05 आणि 06 यूएसबी-सी, 65 वॉट. चा-07 ची चौकोनी पिन दुसऱ्या कुठल्याच मशीनला चालत नाही, तो लॅ-07 बरोबरच जाईल. चा-01 ची थ्री-पिन वायर सोललेली होती, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. ती मी कापून टाकली आणि नवीन वायर लावली.

चा-04 आज मिळालेला नाही. प्रथमेश म्हणतो भोसरीच्या अशिलाच्या गोदामात राहिला, तिथून फोटोही आलाय. पण फोटोवर खूण करणार नाही. सोमवारी, 30 मार्चला, तो घेऊन येईल, मग करू. तोवर तो सुटा यूएसबी-सी चार्जर (सु-01) वापरतोय, प्रोबुकला तो चालतो. सु-01 तापकीर गल्लीतून घेतलेला, बिल नाही, वॉरंटी नाही. अडीअडचणीलाच वापरायचा.

परवाने

विंडोज 11 प्रो लॅ-01 ते 06 वर, लॅपटॉपबरोबर आलेलं. हा परवाना त्या मशीनलाच बांधलेला असतो, मशीन गेलं की तोही गेला. लॅ-07 चा प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यावर विंडोज 11 बसत नाही, आणि विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यावर अशिलांची कागदपत्रं आहेत, म्हणून ते नेटला जोडायचं नाही. डिस्क पुसून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यायचं आणि पावती या वहीत लावायची.

मायक्रोसॉफ्ट 365 बिझनेस स्टँडर्ड, पाच वापरकर्ते: अनघाताई, स्नेहल, प्रथमेश, गौरी आणि मीनल. नूतनीकरण 14 सप्टेंबर 2026.

ऑफिस होम अँड बिझनेस 2021 फक्त लॅ-01 वर. याचा आधार 13 ऑक्टोबर 2026 ला संपतो. हा परवाना जुन्या आर्टिकलने स्वतःच्या जीमेलवर सुरू केला होता. तो नाशिकला गेल्यावर पुन्हा टाकायची वेळ आली आणि आम्ही त्याला फोन करत बसलो. भला मुलगा, रात्री उशिरा जागून मदत केली. आता खातं ऑफिसच्या ईमेलवर आहे. यापुढे कुठलाही परवाना कुणाच्या खासगी ईमेलवर घ्यायचा नाही.

टॅलीप्राइम गोल्ड, सर्व मशीनसाठी. टीएसएस 30 जून 2026 पर्यंत. संपल्यावर टॅली बंद पडत नाही, पण नवीन आवृत्त्या मिळत नाहीत, आणि जीएसटीचे बदल त्यातूनच येतात. नूतनीकरण जूनच्या पहिल्या आठवड्यात.

क्विक हील टोटल सिक्युरिटी, दहा मशीनचा, 2 डिसेंबर 2026 पर्यंत. सहा वापरात.

सरांची डिजिटल सही (टोकन): 11 ऑगस्ट 2026. सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या गर्दीआधी, जुलैतच नवीन काढायची. अशिलांचे टोकन ही ऑफिसची मालमत्ता नाही. ते वेगळ्या वहीत, कुलपात.

इतर

लेझर प्रिंटर, राउटर आणि दोन यूपीएस जागेवर आहेत. गुरुवारी वीज गेली की राउटरचा यूपीएस जेमतेम दहा मिनिटं टिकतो, बॅटरी बदलायची.

देणं-घेणं

लॅपटॉप किंवा चार्जर दुसऱ्याकडे गेला की त्याच दिवशी या वहीत तारीख आणि देणाऱ्या-घेणाऱ्याची सही. गौरीची आर्टिकलशिप 31 मे ला संपते. त्या दिवशी लॅ-05, चा-05, बॅग आणि 365 चं खातं परत घेऊनच तिच्या पत्रावर सरांची सही घ्यायची.

मोजणी: मीनल, कार्यालय व्यवस्थापन
पडताळणी: अनघाताई
पुढची मोजणी: शनिवार, 27 जून 2026