धोरण टिपण : देवस्थानांवर शासनाचे नियंत्रण कशावर आणि किती काळ

प्रति : प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन (अभ्यासक्रमासाठी गृहीत धरलेले वाचक)
सादरकर्ते : गट 4, सार्वजनिक धोरण पदव्युत्तर पदविका, दुसरे सत्र, पुणे
विषय : धार्मिक सार्वजनिक न्यासांच्या नियमनाची फेरमांडणी

थोडक्यात

शासनाने देवस्थानांचे हिशेब आणि जमिनी काटेकोरपणे तपासाव्यात. विश्वस्तांच्या खुर्चीत स्वतः बसू नये. कारभार ताब्यात घेण्याची वेळ आलीच, तर तो कधी परत करणार हे त्याच आदेशात लिहिलेले असावे. महाराष्ट्रात आज नेमके उलटे घडते. मोठ्या, श्रीमंत देवस्थानांवर शासन आपली माणसे नेमते आणि गावोगावच्या हजारो लहान न्यासांच्या जमिनी कोण कसतो याची कुणी विचारपूस करत नाही.

कायदा काय सांगतो

संविधानाच्या अनुच्छेद 26 ने धार्मिक संप्रदायांना धर्माच्या बाबतीत स्वतःचा कारभार करण्याचा हक्क दिला आहे. मालमत्तेचा कारभार मात्र ‘कायद्यानुसार’ करायचा आहे. या दोहोंमधली रेघ कुठे ओढायची, याच्या पहिल्या मोठ्या उत्तरांपैकी एक मुंबई राज्यातूनच आले. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 (आताचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) याला आव्हान देण्यासाठी एका अपिलात जैन मंदिराचे व्यवस्थापक, तर दुसऱ्यात पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. 1954 च्या रतिलाल पानाचंद गांधी निकालात नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण यांच्या तरतुदी टिकल्या. धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद मात्र रद्द झाली. म्हणजे देखरेख चालेल, मालकी चालणार नाही. आमची सगळी मांडणी याच निकालावर उभी आहे, आणि सत्तर वर्षांनंतरही तो पुरेसा वापरला गेलेला नाही असे आम्हाला वाटते.

दुसरा टप्पा 2014 चा. चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गैरकारभार दूर करण्यासाठी शासन व्यवस्थापन हाती घेऊ शकते, पण ते मर्यादित काळापुरते. दोष दूर झाला की कारभार परत करायचा. त्याच जानेवारी महिन्यात पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचा दावा त्याच न्यायालयाने फेटाळला आणि 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमानुसार आलेली समितीची व्यवस्था कायम झाली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. वंशपरंपरेने चालत आलेला हक्क म्हणजे भक्तांचा हक्क नव्हे, आणि सरकारी ताबा म्हणजेही भक्तांचा हक्क नव्हे.

पंढरपूर विसरून चालणार नाही

‘मंदिरे सरकारमुक्त करा’ ही मागणी सध्या जोरात आहे. तिच्यातला राग खरा आहे, पण पंढरपूरचा इतिहास तिला अडचणीचा ठरतो. विठ्ठलासमोर कोणत्या दिवशी कोणी बसायचे, याचा पूर्वी लिलाव होई. ज्याची बोली जास्त, त्या दिवशीचे देवापुढचे उत्पन्न त्याचे. बोलीची रक्कम वसूल व्हायची म्हणजे वारकऱ्याच्या कनवटीला हात जाणारच. या कारभाराची चौकशी करणाऱ्या नाडकर्णी आयोगाच्या अहवालानंतर 1973 चा कायदा झाला, तो याच कारणाने. शासन बाजूला झाले की कारभार आपोआप भक्तांच्या हाती जातो, हे गृहीतक इथे टिकत नाही. तो त्या गावातल्या सर्वांत प्रबळ घराण्यांच्या हाती जातो. गोव्यात 1933 च्या माझानी नियमावलीखालची देवस्थाने महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या परंपरागत सदस्य घराण्यांच्या, समित्यांकडे आहेत आणि मामलेदार त्यांचे प्रशासक आहेत. तिथे बाहेरचा सरकारी हस्तक्षेप कमी असला, तरी महाजन कोण आणि महाजन नाही तो कोण, हा वाद संपत नाही.

सरकारी विश्वस्त मंडळांचा अनुभव

सिद्धिविनायक (1980) आणि शिर्डी (2004) यांच्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत; शनिशिंगणापूरसाठीही 2018 मध्ये तसाच कायदा झाला. विश्वस्त शासन नेमते. नेमणुका कशा होतात हे सर्वांना माहीत आहे: महामंडळे वाटून झाली की उरलेल्यांना देवस्थाने. सप्टेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शिर्डीचे विश्वस्त मंडळ बरखास्त केले आणि नवे मंडळ येईपर्यंत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे कारभार सोपवला. त्याआधी 2018 मध्ये निळवंडे कालव्यांसाठी संस्थानाकडून 500 कोटी रुपये बिनव्याजी घेण्याचे ठरले होते. कालवा हवाच; अकोले-संगमनेरच्या शेतकऱ्यांना पाणी मिळण्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण कर्ज मागणारे शासन आणि कर्ज देणाऱ्यांची नेमणूक करणारे शासन एकच असेल, तर ‘नाही’ म्हणणारे टेबलावर कुणीच उरत नाही. हा हितसंबंधांचा प्रश्न आहे आणि तो कायद्यानेच सोडवावा लागेल.

खरी गळती जमिनीतून होते

दानपेटीची चर्चा वर्तमानपत्रांत होते. नुकसान मात्र सातबाऱ्यावर होते. पुढील उदाहरण आम्ही रचलेले आहे, पण तालुक्याच्या कचेरीत बसणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल.

गावातल्या भैरोबाची बारा एकर जमीन. देवस्थान इनाम, वर्ग 3. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून देवाचे नाव, खाली वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचे. पुजाऱ्याच्या आजोबांनी जमीन खंडाने दिली. न्यासाने कुळकायद्याच्या कलम 88ब चे सूट प्रमाणपत्र कधी घेतलेच नाही, त्यामुळे कुळाने खरेदीचा हक्क सांगितला. इकडे धर्मादाय कार्यालयातल्या पीटीआर उताऱ्यावर, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीत, विश्वस्त म्हणून आजही पाच नावे आहेत. त्यांतले तिघे वारले. नव्या विश्वस्तांनी 1950 च्या अधिनियमाच्या कलम 22 खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, दाखल केला, भावकीतल्या एकाने हरकत घेतली आणि प्रकरण तारखांवर तारखा घेत पडून राहिले. आता कुळाविरुद्ध न्यासाच्या वतीने कोर्टात उभे राहायचे कोणी? कागदावरचे विश्वस्त हयात नाहीत, हयात असलेले कागदावर नाहीत. दरम्यान रस्ता आला, बारा एकरांपैकी दोन एकर प्लॉट पाडून विकले गेले. त्याच अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे विक्रीला, शेतजमिनीच्या दहा वर्षांवरील आणि इतर मिळकतीच्या तीन वर्षांवरील भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दुय्यम निबंधकाच्या संगणकाला हे माहीत नसते, कारण पीटीआर आणि भूमी अभिलेख यांची गाठच पडलेली नाही.

कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे तीन हजारांहून अधिक देवस्थाने आहेत. अंबाबाई आणि जोतिबा सोडले, तर बाकीच्यांची ओळख बहुतेकांना त्यांच्या जमिनींवरूनच होते. एका समितीने इतक्या देवस्थानांच्या बांधावर जाऊन पाहणी करावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

शिफारशी

सर्वांत आधी पीटीआर आणि सातबारा एकमेकांना जोडावेत. न्यासाच्या नावावरच्या प्रत्येक गटाला ‘कलम 36 लागू’ अशी खूण ‘इतर हक्क’ रकान्यात यावी आणि परवानगीचा आदेश क्रमांक टाकल्याशिवाय दस्त नोंदलाच जाऊ नये. एवढ्या एका बदलाने जितकी जमीन वाचेल, तितकी दहा चौकशी समित्यांनी वाचणार नाही.

चेंज रिपोर्टसाठी 2017 च्या दुरुस्तीने तात्पुरत्या मान्यतेची सोय केली आहे. ती अविवादित प्रकरणांत उपयोगी पडते. वादग्रस्त प्रकरणांत सहा महिन्यांत निकाल न लागल्यास न्यासाच्या मिळकतीचा दावा चालवण्यापुरता ‘वादमित्र’ नेमण्याचा अधिकार सहायक धर्मादाय आयुक्तांना द्यावा. त्याने पूजेअर्चेत किंवा खर्चात हात घालू नये.

लहान आणि मोठ्या न्यासांना एकाच मापाने मोजणे थांबवावे. वार्षिक उत्पन्न 10 लाखांखाली असेल तर एका पानाचा हिशेब आणि मिळकतीची यादी पुरे. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. 5 कोटींच्या वर असेल तर लेखापरीक्षित ताळेबंद, दागिन्यांची छायाचित्रांसह मोजदाद, ठेवींचा तपशील आणि निविदा संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक करावे. या आकड्यांवर वाद होऊ शकतो. दोन मापे हवीत, यावर आम्ही ठाम आहोत.

विशेष कायद्याखालील मंडळांसाठी निवृत्त जिल्हा न्यायाधीश, सनदी लेखापाल आणि भक्तांचा प्रतिनिधी यांच्या निवड समितीने नावे सुचवावीत. विद्यमान आमदार-खासदार आणि पक्षाचे पदाधिकारी अपात्र ठरावेत. शासनाने स्वतःच्या प्रकल्पांसाठी या देवस्थानांकडून कर्ज किंवा निधी घेण्यास पूर्ण मनाई असावी. देवस्थानाने स्वतःहून रुग्णालय किंवा अन्नछत्र चालवायला आमची हरकत नाही, तो त्याच्या उद्देशांचा भाग असतो.

प्रशासक नेमल्यास मुदत तीन वर्षे. मुदतवाढ एकदाच, कारणांसह आणि विधिमंडळासमोर अहवाल ठेवून. त्यानंतर कारभार निवडून आलेल्या किंवा योजनेनुसार ठरलेल्या विश्वस्तांकडे जाईल.

सर्व धर्मांना एकच कसोटी

1950 चा अधिनियम मंदिर, मठ, चर्च, अग्यारी, सिनेगॉग सर्वांना लागू आहे. वक्फसाठी केंद्राचा 1995 चा कायदा वेगळा आहे, आणि प्रत्येक मुस्लिम न्यास वक्फ असतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे. 2025 च्या वक्फ दुरुस्तीतील काही तरतुदींना त्या वर्षी सप्टेंबरमध्ये स्थगिती मिळाली, त्यात सरकारी अधिकाऱ्याच्या चौकशीवर मिळकतीचा दर्जा बदलण्याचा भागही होता. आमची भूमिका इथेही तीच: मालकीचा वाद असेल तर निर्णय न्यायाधिकरणाने द्यावा, सरकारी अधिकाऱ्याने नव्हे, हिशेब मात्र सर्वांनी सारखेच उघडे ठेवावेत. हा नियम वक्फला लावायचा आणि मंदिराच्या मंडळांना वगळायचे, किंवा उलट, असे केले तर न्यायालयात तो टिकणार नाही आणि गावातही.

पैसा आणि माणसे

1954 च्या निकालाने अधिनियमाच्या कलम 58 चे अंशदान, म्हणजे न्यासांनी धर्मादाय प्रशासनासाठी द्यायची रक्कम, कर नसून सेवेचा मोबदला आहे असे मान्य केले होते. मोबदला घ्यायचा तर सेवा दिसली पाहिजे. अंशदान घ्यायचे असेल, तर ते 5 कोटींवरील न्यासांकडूनच घ्यावे, आणि त्यातून निरीक्षक, भूमापक व डेटा-एंट्रीची पदे भरल्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा.

सुरुवात कोल्हापूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत करावी. पहिल्या वर्षी फक्त पीटीआर आणि सातबाऱ्याची जुळणी हाती घ्यावी. जिथे न्यासाचे नाव उताऱ्यावरून गायब आढळेल, त्या गटांची यादी तहसील आणि धर्मादाय कार्यालय या दोन्ही ठिकाणी फलकावर लावावी आणि हरकतींसाठी 60 दिवस द्यावेत.