सोनेरी चौकट

चिंचवडच्या दुकानात केदारची नजर सोनेरी रेन शॉवरवर खिळली, तेव्हा मुक्ताने हळूच आठवण करून दिली की आपला फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, गच्चीवरची टाकी आपल्यापेक्षा जेमतेम 10 फूट उंचावर आहे आणि एवढ्या कमी दाबावर त्या रुंद चाळणीतून पाणी नुसते ठिबकेल.

"शिवाय बोअरच्या पाण्यातले क्षार त्या मुलाम्यावर पांढरे डाग पाडतील."

"आपलं पहिलं घर आहे गं, काहीतरी देखणं नको का?" तो हिरमुसून म्हणाला.

ते तिलाही मनापासून पटले. खाली बादली मावेल असा साधा क्रोमचा नळ तिने सोडला नाही. मात्र आरशाची सोनेरी चौकट तिनेच उचलून त्याच्या हाती दिली.

"ही नळापासून लांब लावू."