गळणाऱ्या हवेचे वीजबिल: सीड फेरीसाठी एका परिच्छेदाचा सारांश

आदरणीय महोदय,

गुंतवणूक समितीच्या फाइलमध्ये लावण्यासाठी आपण एकाच परिच्छेदाचा सारांश मागितला होता. तो खाली आहे. आकडे गेल्या महिनाअखेरचे आहेत. समितीत ज्या तीन गोष्टींवर प्रश्न येतील असे आम्हांला वाटते, त्यांचा खुलासा परिच्छेदानंतर जोडला आहे.

कारखान्यातली दाबाखालची हवा ही विजेपासूनच तयार होते, आणि ती जोडण्या, होज, व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या सीलमधून रात्रंदिवस गळत राहते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मार्गदर्शिकेनुसार कंप्रेसरच्या उत्पादनापैकी 20 ते 30 टक्के हवा अशी वाया जाऊ शकते, तर नीट देखभाल असलेल्या यंत्रणेत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आत ठेवता येते. 7 बार दाबावर केवळ 3 मिलिमीटरचे एक छिद्र सुमारे 3 किलोवॅट वीज खाते, म्हणजे वर्षभर चालू राहिले तर 26 हजारांहून अधिक युनिट. पण ही गळती दिसत नाही, तिला वास नाही, आणि यंत्रांच्या आवाजात ती ऐकूही येत नाही, म्हणून मेंटेनन्स विभाग वर्षातून एकदा अल्ट्रासोनिक उपकरण घेऊन फेरी मारतो आणि पुढच्या काही महिन्यांत नव्या गळत्या सुरू होतात. आमची कंपनी हे काम सततचे करते: कंप्रेसरच्या वीजप्रवाहावरून आम्ही दर आठवड्याला गळतीचे प्रमाण काढतो, पाइपलाइनच्या शाखांवर बसवलेल्या अल्ट्रासोनिक सेन्सरवरून ती कोणत्या भागात आहे ते सांगतो, आणि कोणती गळती आधी बुजवायची याची यादी फिटरच्या मोबाइलवर पाठवतो. आज 23 कारखाने दरमहा सरासरी 50 हजार रुपये भरतात, म्हणजे मासिक उत्पन्न 11.5 लाख रुपये. सहा महिन्यांपूर्वी हेच 9 कारखाने आणि 4.5 लाख होते. आतापर्यंतच्या 32 पायलटांपैकी 24 ग्राहक झाले, त्यांतला एक नंतर सोडून गेला. पहिल्या मोजणीत सरासरी 27 टक्के असलेली गळती तीन महिन्यांत 14 टक्क्यांवर आली आहे. आमचा ग्राहक म्हणजे तीन पाळ्यांत चालणारा आणि 100 किलोवॅटहून अधिक कंप्रेसर क्षमता असलेला कारखाना. आमच्याशी करार केलेल्या तीन कंप्रेसर सेवा कंत्राटदारांच्या ग्राहकयाद्यांतच असे 1,900 कारखाने आहेत, आणि वार्षिक 6 लाखांच्या शुल्काने ही पहिली बाजारपेठ 114 कोटी रुपयांची होते. आम्हांला 20 टक्के हिश्श्याच्या बदल्यात 6 कोटी रुपये हवे आहेत. त्यातून 18 महिन्यांत 110 कारखाने आणि 55 लाखांचे मासिक उत्पन्न गाठायचे आहे. यापैकी 2.4 कोटी उपकरणांना, 2.1 कोटी बसवणी व सेवेच्या माणसांना, 1 कोटी अभियांत्रिकीला आणि 50 लाख स्वतंत्र ऊर्जा लेखापरीक्षकांकडून बचतीची पडताळणी करून घेण्यासाठी आहेत.

पहिला प्रश्न मोजणीचा. 27 टक्के हा आकडा अंदाज नाही. कारखान्यातली हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद असताना कंप्रेसर चालू ठेवला की तो केवळ गळती भरून काढण्यासाठी लोडवर, म्हणजे हवा दाबण्याच्या कामावर, येतो आणि एरवी अनलोडवर, म्हणजे हवा न दाबता नुसता फिरत, राहतो. लोडवरची मिनिटे भागिले लोड आणि अनलोड मिळून एकूण मिनिटे, एवढाच हिशेब आहे. ऊर्जा लेखापरीक्षक तो कित्येक वर्षे घड्याळ लावून करत आले आहेत. आम्ही तो साप्ताहिक सुटीच्या रात्री, माणूस न पाठवता, वीजप्रवाहाच्या नोंदीवरून करतो. ही पद्धत लोड-अनलोड नियंत्रणाच्या कंप्रेसरलाच थेट लागू पडते. वेग बदलणाऱ्या कंप्रेसरसाठी आम्ही फ्लो मीटर बसवतो, त्यामुळे तिथला खर्च जास्त आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: गळती कमी झाली म्हणजे बिल तेवढेच कमी झाले का? नाही, आणि आमच्या क्षेत्रात बचतीचे दावे इथेच फुगतात. अनलोड झालेला स्क्रू कंप्रेसरही पूर्ण भाराच्या साधारण पाव ते तृतीयांश वीज घेतच राहतो. गळती बुजवून तो नुसता जास्त वेळ अनलोडवर फिरत राहिला, तर कागदावरची पाव ते तृतीयांश बचत मीटरवर उतरत नाही. म्हणून आमच्या यादीत गळतीबरोबर एक दुसरी सूचनाही असते: कोणता कंप्रेसर बंद करता येईल आणि यंत्रणेचा दाब किती खाली आणता येईल. 23 पैकी 18 कारखान्यांत बचत वीजमीटरवर दिसली आहे. उरलेल्या पाचांत गळती कमी झाली, पण कंप्रेसर बंद करण्याचा निर्णय उत्पादन विभागाने अजून घेतलेला नाही. सोडून गेलेल्या ग्राहकाचे कारणही हेच होते. एकूण 300 किलोवॅट क्षमतेचा, वर्षाला 8 हजार तास पूर्ण भारावर चालणारा कारखाना घेतला, तर 27 वरून 14 टक्क्यांवर येणे म्हणजे सुमारे 3.1 लाख युनिट. 8 रुपये दराने ते 25 लाखांच्या आसपास जाते. यातले निम्मेच मीटरवर उतरले, तरी आमचे 6 लाखांचे शुल्क दुपटीने वसूल होते, आणि विक्री करताना आम्ही हा निम्म्याचाच आकडा सांगतो. पडताळणीसाठी वेगळे 50 लाख मागण्याचे कारणही तेच: ग्राहकाच्या वित्त विभागाला आमचा शब्द पुरत नाही, आणि तो पुरू नयेच.

तिसरा प्रश्न पैसा परत येण्याचा. एका कारखान्यात उपकरणे बसवायला आम्हांला 2.75 लाख रुपये लागतात. मासिक शुल्कातून सेवेचा 14 हजारांचा खर्च वजा केला की 36 हजार उरतात, म्हणजे उपकरणांचा खर्च आठव्या महिन्यात भरून निघतो. सध्या आमचा महिन्याचा एकूण खर्च 21 लाख आहे, उत्पन्न वजा जाता 9.5 लाख घरातून जातात, आणि बँकेत 66 लाख आहेत. हा रनवे सात महिन्यांचा आहे.

110 हे उद्दिष्ट गाठायला महिन्याला सरासरी पाच कारखाने जोडावे लागतील. आजचा वेग दोन ते तीनचा आहे. तो मागणीअभावी अडलेला नाही. 11 कारखान्यांच्या सह्या झालेल्या ऑर्डर आमच्याकडे पडून आहेत आणि बसवणीसाठी आमच्याकडे दोनच गट आहेत. या पैशातून पहिल्या तिमाहीतच आणखी तीन गट उभे करायचे आहेत. सेन्सरची तयार होऊन येण्याची मुदत दहा आठवड्यांची असल्याने उपकरणांची मोठी ऑर्डर मात्र पैसे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात द्यावी लागेल.

सोडून गेलेल्या ग्राहकासह सर्व 24 कारखान्यांच्या साप्ताहिक मोजणीच्या कच्च्या नोंदी आणि 18 कारखान्यांची आधी-नंतरची वीजबिले नावे झाकून तयार ठेवली आहेत. समितीच्या बैठकीआधी ती आपल्या तांत्रिक सल्लागाराने पाहावीत, अशी आमची विनंती आहे. एखाद्या चालू कारखान्यात सुटीच्या रात्रीची मोजणी प्रत्यक्ष पाहायची असेल, तर दोन ग्राहकांनी त्यासाठी संमती दिली आहे. दिवस आपण कळवावा.

आपले,
दोन्ही संस्थापक