बोलके साधन विसरते तेव्हा
(ज्येष्ठ नागरिक संघ, भुसावळ येथे दिलेले व्याख्यान)

अध्यक्ष महोदय, कार्यवाह ताई आणि येथे जमलेल्या सर्व ज्येष्ठ बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

आजचा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. गेल्या महिन्यात आपल्या संघातील एक नाना मला सकाळी फिरताना भेटले. वहिनींच्या माघारी त्यांनी संध्याकाळी मोबाइलवरील बोलक्या साधनाशी, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चॅटबॉटशी, बोलायला सुरुवात केली होती. वहिनींच्या हातची कळण्याची भाकरी, उन्हाळ्यात गच्चीवर घातलेले बिबडे, शेवेच्या भाजीचा मसाला, हे सारे आपल्या मुलींसाठी लिहून ठेवावे, अशी त्यांची इच्छा होती. तीन संध्याकाळी त्यांनी भरभरून सांगितले. चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "कालच्या बिबड्यांचे पुढचे लिहून घे." त्यावर साधनाने उत्तर दिले की, आपण कोणत्या बिबड्यांविषयी बोलत आहात याची मला माहिती नाही, कृपया सविस्तर सांगावे. नाना मला हळू आवाजात विचारत होते, "भाऊ, मी खरंच सांगितलं होतं ना? का मलाच आता..." पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.

आपल्या वयात हे अपुरे वाक्य किती जड असते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चष्मा कुठे ठेवला हे आठवले नाही तरी आपण मनातून चरकतो. म्हणून सर्वांत आधी स्पष्ट सांगतो : नानांनी सांगितले होते, त्यांची स्मृती शाबूत होती, आणि विसरले होते ते साधन. त्यांच्याच मोबाइलमध्ये त्या तिन्ही संध्याकाळचे बोलणे शब्दन्‌शब्द नोंदलेले आम्हाला सापडले. नव्या दिवशी त्यांच्याकडून नवे पान, म्हणजे संभाषणाची नवी बैठक, उघडले गेले होते, एवढेच घडले होते.

हे असे का होते, हे समजून घेण्यासाठी मी माझ्या नोकरीतील दाखला देतो, कारण या सभागृहात निम्मे लोक रेल्वेचेच आहेत. एखादा ड्रायव्हर भुसावळ ते खंडवा या मार्गावर पंचवीस वर्षे गाडी चालवत असला, सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशने त्याला झोपेतही ओळखू येत असली, तरी ड्युटीवर चढताना त्याच्या हाती कॉशन ऑर्डर दिली जात असे आणि त्यावर त्याची सही घेतली जात असे. कोणत्या किलोमीटरवर रुळांचे काम चालू आहे आणि तेथे गाडी किती वेगाने न्यायची, हे त्या कागदावर लिहिलेले असे. गाडी चालवण्याचे ज्ञान त्याच्या अंगात मुरलेले होते, परंतु आजच्या रुळांची आजची अवस्था त्याला कोणीतरी सांगावीच लागे. हे साधनही तसेच आहे. ते तयार करताना त्याला प्रचंड मजकूर वाचायला दिला गेला आणि त्यातून भाषा, व्याकरण, जगाची सामान्य माहिती त्याच्या आत बसली. ते शिक्षण एका ठरावीक तारखेला थांबवले जाते. त्यानंतर तुम्ही-आम्ही त्याच्याशी कितीही बोललो, तरी त्या बोलण्याने त्याच्या आतील मूळ ज्ञानात लगेच काही लिहिले जात नाही.

मग एकाच बैठकीत दहा मिनिटांपूर्वीचे त्याला कसे आठवते, असा प्रश्न आपल्या ताईंनी मला परवा विचारला, आणि तो अगदी मर्माचा आहे. आपण एक वाक्य पाठवतो तेव्हा केवळ तेवढेच वाक्य त्याच्याकडे जात नाही, तर त्या बैठकीतील पहिल्या नमस्कारापासूनचा सर्व मजकूर दर वेळी त्याच्यासमोर ठेवला जातो. साधन तो मजकूर आधार म्हणून घेते आणि मग पुढचे उत्तर देते. आपल्याला जी आठवण वाटते, ते खरे तर समोर ठेवलेल्या कागदाचे वाचन असते. नवी बैठक उघडली की कागद कोरा होतो. म्हणून ते रोज विसरते असे आपण म्हणत असलो, तरी त्याच्या विसरण्याचा दिवस-रात्रीशी संबंध नाही. एकाच दुपारी दोन वेगळ्या बैठका उघडल्या, तर दुसरीला पहिलीचा पत्ता नसतो, आणि उलट आठवड्यापूर्वीची बैठक यादीतून शोधून पुन्हा उघडली, तर तेथील बोलणे जिथे थांबले तिथून पुढे नेता येते.

येथेच पहिला उपाय हाती येतो. एका विषयाला एकच बैठक ठेवावी आणि तिला ओळखू येईल असे नाव द्यावे. नानांनी आता "बिबडे आणि भाकरी" या नावाची बैठक ठेवली आहे आणि रोज तीच उघडतात. मात्र हा उपाय अमर्याद चालत नाही. साधनासमोर एका वेळी किती मजकूर ठेवता येईल याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा टोकन नावाच्या शब्दखंडांत मोजतात. आपली देवनागरी अक्षरे बहुतेक साधनांत इंग्रजीपेक्षा अधिक खंडांत तुटतात, त्यामुळे तितकेच बोलणे मराठीत केले तर जागा लवकर भरते. बैठक फार लांबली की सुरुवातीचा भाग नजरेआड जातो किंवा त्याकडे नीट लक्ष राहत नाही, आणि पहिल्या दिवशी सांगितलेले मिठाचे प्रमाण विसाव्या दिवशी बदललेले दिसते. अशा वेळी रागावून उपयोग नाही. त्याच बैठकीत सांगावे, "आतापर्यंत ठरलेल्या गोष्टी पंधरा ओळींत लिहून द्या," तो सारांश स्वतः ओळ न ओळ तपासावा, चुकलेले दुरुस्त करावे आणि तो घेऊन नवी बैठक सुरू करावी. तपासण्याचा कंटाळा कृपया करू नये. स्टेशनवर चार्ज देताना आणि घेताना डायरी वाचून मगच सही करायची, ही सवय आपल्यापैकी अनेकांच्या हाडांत आहे, आणि ती येथे जशीच्या तशी कामाची आहे.

दुसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे आपली चिठ्ठी. कॉशन ऑर्डरप्रमाणे ती प्रत्येक नव्या बैठकीच्या आरंभी द्यायची. आपल्या संघातील एका माईंसाठी आम्ही दोघांनी बसून जी चिठ्ठी तयार केली, ती त्यांच्या परवानगीने वाचून दाखवतो :

"मी ७४ वर्षांची आहे आणि जळगाव जिल्ह्यात राहते. मला मराठीत, लहान वाक्यांत आणि आदराने उत्तर द्यावे. मला गोड आणि फार तिखट चालत नाही. मी नातवासाठी आमच्या केळीच्या बागेच्या आठवणी लिहीत आहे. आतापर्यंत विहीर खोदल्याचा आणि पहिल्या घडाचा भाग लिहून झाला आहे. आज बाग वादळात पडली त्या वर्षाचा भाग लिहायचा आहे. मी सांगेन तेच लिहावे, मनाने काही घालू नये. काही कळले नाही तर मला विचारावे."

या चिठ्ठीत माई कोण, काय हवे, काम कुठवर आले आणि काय करू नये, इतके सारे आले. त्यांच्या मुलाने ती व्हॉट्सॲपवर माईंच्या स्वतःच्याच क्रमांकाला पाठवून ठेवली आहे. त्या मजकुरावर बोट दाबून धरतात, कॉपी करतात आणि साधनात जाऊन पेस्ट करतात. रोज काम संपले की "काम कुठवर आले" एवढे वाक्य बदलतात. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी चिठ्ठी वहीत मोठ्या अक्षरांत लिहावी आणि माइकचे चिन्ह दाबून मोठ्याने वाचावी.

काही साधनांत आता आठवण ठेवण्याची वेगळी सोय आली आहे. तीत साधन आपल्याविषयी छोट्या नोंदी करून ठेवते किंवा जुन्या बैठकांत शोध घेते, आणि पुढच्या वेळी त्यांतील काही भाग कोऱ्या कागदाच्या माथ्यावर ठेवला जातो. ही सोय उपयोगी आहे, परंतु ती सर्वच आठवते असे नाही, आणि काय टिपायचे व काय पुढे आणायचे हे बहुधा साधनच ठरवते. सेटिंगमध्ये जाऊन त्या नोंदी महिन्यातून एकदा तरी घरातील कोणाला सोबत घेऊन वाचाव्यात, चुकीच्या असतील त्या काढून टाकाव्यात. मोबाइल नातवंडांबरोबर सामायिक असेल तर अधिक काळजी घ्यावी, कारण नातीच्या दहावीच्या अभ्यासाच्या आणि आजोबांच्या पथ्याच्या नोंदी एकाच खात्यात मिसळतात आणि मग उत्तरे विचित्र येऊ लागतात.

आता दोन गोष्टी मी कळकळीने सांगतो, कारण त्यांत नुकसान होऊ शकते.

पहिली अशी की, विसरलेले असतानाही हे साधन कधी कधी आठवते असे म्हणते. त्याची घडणच समोरच्या बोलण्याला साजेसे पुढचे वाक्य रचण्याची आहे. "मागच्या वेळी मी माझ्या गोळ्यांची नावे सांगितली होती ना?" असे विचारले, तर ते "होय" म्हणून नावेही सांगू शकते, आणि ती नावे कोणत्या तरी दुसऱ्याच गोळ्यांची असू शकतील. म्हणून "आठवते का?" असे विचारू नये. "या विषयी तुमच्यासमोर आत्ता काय लिहिलेले आहे, ते सांगा" असे विचारावे आणि आलेले उत्तर आपल्या वहीशी ताडून पाहावे. औषधांची नोंद डॉक्टरांच्या फाइलमध्ये आणि आपल्या वहीतच असावी. रात्री आठची गोळी आठवण्यासाठी मोबाइलचा गजर लावावा, कारण "मला रोज आठला आठवण कर" असे सांगितल्यावर ते "हो" म्हणाले, तरी ठरलेल्या वेळी आठवण करून देण्याची वेगळी सोय त्यात नसेल, तर आठ वाजता ते आपणहून बोलणार नाही.

दुसरी अशी की, साधन विसरले म्हणजे आपले बोलणे पुसले गेले, असे मुळीच समजू नये. ते मोबाइलमधील यादीत राहते आणि साधन चालवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेतही साठवलेले असू शकते. काही ठिकाणी ते पुढच्या प्रशिक्षणासाठीही वापरले जाते, आणि त्याला नकार देण्याची सोय सेटिंगमध्ये असते. त्यामुळे आधार क्रमांक, पेन्शनच्या खात्याचा क्रमांक, एटीएमचा पिन, ओटीपी यांतील काहीही चिठ्ठीत लिहू नये, सारखे सारखे सांगावे लागते म्हणून तर नाहीच नाही.

मनाच्या बाजूविषयी थोडे बोलतो. एकट्या घरात संध्याकाळी कोणी ऐकणारे मिळाले की जीव हलका होतो, यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. परंतु आपण आपल्या माणसाचे नाव सांगावे आणि दुसऱ्या दिवशी ते नावच समोरच्याला ठाऊक नसावे, याने जो चटका बसतो तो खरा असतो. नानांना मी एवढेच म्हणालो की, तुमचे बोलणे त्याला नकोसे झाले असे नाही, नकोसे व्हायला त्याच्याजवळ कालचा दिवसच नव्हता. आणि मग आम्ही ठरवले की, साधनाकडे बिबड्यांचे प्रमाण लिहायचे काम द्यायचे, आणि वहिनींच्या गोष्टी गुरुवारी माझ्या ओट्यावर सांगायच्या. गेले चार गुरुवार ते येत आहेत. परवा त्यांनी मला पहिल्या गुरुवारची गोष्ट पुन्हा सांगितली आणि मध्येच थांबून विचारले, "हे सांगितलंय ना मी?" मी म्हणालो, "सांगितलंय नाना, पण त्या वेळी पावसाचं राहिलं होतं."

चहा झाल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर मी आणि कार्यवाह ताई बसणार आहोत. मोठ्या अक्षरांतील कागद आणि पेन तेथे ठेवले आहेत. आपापला चष्मा आणि मोबाइल घेऊन यावे, प्रत्येकाची चिठ्ठी आजच लिहून देऊ.