शेंगदाणा पेय : पुणे-कोल्हापूरसाठी ब्रँडची दिशा

विक्री आणि जाहिरात टीमसाठी

पहिली गोष्ट, आपलं शेंगदाणा पेय चहात दुधाच्या जागी घालायचं आहे, पण दुधाशी भांडायचं नाही. ज्या घरात वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, तिथे 'दूध वाईट' म्हणणारा ब्रँड उंबऱ्यावरूनच परत येतो. पंचामृत, खरवस, लहान मुलांचा पेला यांना हातही लावू नका. शेंगदाण्यात कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे 'दुधाइतकंच पौष्टिक' हा दावा मला मान्य नाही. पाकिटावर 'दूध' शब्दही नको. एफएसएसएआयचे नियम तो प्राण्यांच्या दुधासाठीच राखतात. 'शेंगदाणा पेय' लिहू, ॲलर्जीची सूचना ठळक.

आपली जागा कुठे? ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं, तरी चहा सुटत नाही, त्या घरातल्या एका माणसाच्या कपात. बाकीच्यांचं दूध येतच राहू दे.

खरी कसोटी चहाची. सासूबाईंसमोर चहा फुटला की विषय संपला. आलं घालून उकळत्या चहात हे ओतलं की फुटू शकतं, म्हणून प्रात्यक्षिकात गॅस बंद करा, चहा गाळा, मग कोमट केलेलं पेय हळूहळू घाला. हीच कृती पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरांत.

ओळख नवी करून द्यायची नाही. उपवासाची शेंगदाण्याची आमटी, सोलकढीतलं नारळाचं दूध. दाण्याचा, नारळाचा असा पांढरा रस आपल्या स्वयंपाकघरात कधीचाच आहे. पहिली मोहीम आषाढी एकादशीच्या आठवड्यात, २०० मिलिच्या छोट्या पाकिटाने. लिटरचं पाकीट दुसऱ्यांदा मागणी आल्यावरच.